लिहिलेले आणि पुसलेले मेसेज: आई-मुलाच्या एका लघुकथेची बांधणी

आई मुलाला मेसेज लिहिते, पुसते, पुन्हा लिहिते, पुन्हा पुसते आणि शेवटी एकच खरी ओळ पाठवते. एवढ्याच प्रसंगावर लघुकथा लिहायची असेल तर साहित्य फार लागत नाही. एक पात्र, एक खोली, एक रात्र आणि एक फोन पुरतो. अडचण वेगळीच असते. या कथेत बाहेर काही घडत नाही, म्हणून नवोदित लेखक ती जागा आठवणींनी आणि हळहळीने भरून काढतो. आई एकटी आहे, मुलगा दूर आहे, फोन येत नाही, डोळे पाणावतात. अशा मजकुरातून वातावरण तयार होते, कथा तयार होत नाही. आईकडे सांगण्यासारखी एक ठोस गोष्ट असावी लागते, ती सांगणे जड जात असावे लागते आणि तरीही ती आज रात्रीच सांगणे भाग असावे लागते.

बाहेरची घटना लहान आणि मनातली हालचाल मोठी, ही रीत मराठी कथेला परकी नाही. १९४५च्या आसपास गंगाधर गाडगीळ, अरविंद गोखले, पु. भा. भावे, व्यंकटेश माडगूळकर यांच्या नवकथेने ती पक्की रुजवली. आईच्या पात्राच्या बाबतीत मात्र मराठी लेखकाच्या हाताला एक जुने वळण असते. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिली आणि १९३५ साली ती पुस्तकरूपाने आली. तेव्हापासून मराठी मनात आई म्हटले की देणारी, सोसणारी, समजून घेणारी बाई उभी राहते. मेसेज पुसण्याच्या कथेला ही आई चालत नाही. जिने फक्त सोसले आहे, तिला लपवण्यासारखे काही नसते, आणि लपवण्यासारखे काही नसेल तर पुसण्याचेही कारण उरत नाही. या कथेतल्या आईने काहीतरी केलेले असावे. ते फार मोठे पाप नसावे. मुलाला न विचारता केलेली एखादी गोष्ट पुरे.

बांधणी समजून घ्यायला एक प्रसंग घेऊन तो शेवटपर्यंत न्यावा. शोभाताई साताऱ्यात एकट्या राहतात. नवऱ्याचे वर्षश्राद्ध होऊन गेले आहे. मुलगा अमोल बेंगळुरूला नोकरीला आहे आणि गणपतीसाठी घरी येणार आहे. दारात वडिलांची बजाज चेतक उभी असायची. ती शोभाताईंनी आषाढात, जुन्या स्कूटर गोळा करणाऱ्या एका तरुणाला विकली. अमोलला हे ठाऊक नाही. कथा उघडते ती त्याच्या मेसेजने:

“आई, परवा सकाळी पोहोचतोय. बाबांची चेतक गॅरेजला दाखवून ठेव ना. गणपती आणायला तीच काढू.”

या एका मेसेजने तीन कामे होतात. मुलगा नकळत नेमके तेच मागतो जे आता घरात नाही. ‘परवा सकाळी’ या शब्दांनी मुदत ठरते. आज सांगितले नाही तर तो दारात येऊन मोकळी जागा स्वतः बघणार. आणि गणपती आणण्याचा उल्लेख त्या गाडीला वजन देतो, कारण वडील गाडी चालवत असणार आणि मागे बसलेल्या लहान अमोलच्या मांडीवर पाटावरची मूर्ती असणार, हे मराठी वाचकाला न सांगता दिसते. कथेच्या सुरुवातीला आईच्या घराचे किंवा स्वभावाचे वर्णन करू नये. मुलाचा मेसेज आधी, बाकी सगळे नंतर.

वस्तूची निवड करताना ती तपशिलात ठाऊक असलेली घ्यावी. चेतक १९७२पासून बाजारात होती आणि महाराष्ट्रातल्या मध्यमवर्गीय घरांत ती एका पिढीची गाडी होती. गिअर डाव्या मुठीत, अंग पत्र्याचे, सोबत स्टेपनी, आणि थंडीत सुरू होईना की गाडी तिरकी करून मग किक. लेखकाने असे दोनच तपशील वापरावेत. शोभाताईंना गिअरशी देणेघेणे नव्हते. त्यांना आठवेल ते रोज सकाळी तिरकी करताना होणारा आवाज आणि शहाबादी फरशीवर पडलेला तेलाचा डाग. पात्राला जे दिसेल तेवढेच कथेत यावे, लेखकाने जमवलेली सगळी माहिती नव्हे.

इथे व्यवहाराची एक तपासणी करून घ्यावी लागते. अशा कथा पुष्कळदा या जागीच फसतात. गाडी वडिलांच्या नावावर असती तर ती विकण्याआधी वारसाच्या नावावर करून घ्यावी लागली असती. त्यासाठी आरटीओत फॉर्म ३१ भरावा लागतो आणि इतर वारसांची संमती सहसा मागितली जाते. म्हणजे अमोलची सही लागली असती आणि त्याला सगळे आधीच कळले असते. कथा पहिल्याच पानावर कोसळली असती, आणि आरटीओच्या रांगेत उभा राहिलेला वाचक ते लगेच ओळखतो. उपाय सोपा आहे. गाडी पहिल्यापासून शोभाताईंच्या नावावर असावी. बायकोच्या नावावर गाडी घेणे आपल्याकडे नेहमीचे. मग हस्तांतराच्या फॉर्म २९ आणि ३० वर त्यांची आणि गाडी घेणाऱ्याची सही पुरते. या दुरुस्तीतून आणखी एक फायदा मिळतो, तो पुढे तिसऱ्या मसुद्यात कामी येतो.

दुसरी तपासणी फोनची. आई सरळ फोन का करत नाही, हा प्रश्न वाचकाच्या मनात पहिल्या पाच मिनिटांत येतोच. त्याचे उत्तर कथेत एका वाक्यात असावे. रात्रीचे साडेअकरा वाजले आहेत, अमोल अमेरिकेतल्या क्लायंटबरोबर कॉलवर आहे. त्याला मेसेज वाचता येतो, बोलता येत नाही. हे बाहेरचे कारण झाले. आतलेही एक कारण असावे: फोनवर या दोघांचे बोलणे ‘जेवलास का’, ‘पाऊस आहे का’, ‘गोळ्या घेतल्यास का’ या वाटेने जाते आणि त्याच वाटेने संपते. बाहेरचे कारण वाचकाची शंका मिटवते आणि आतले कारण नाते दाखवते. दोन्ही मिळून चार ओळींपेक्षा जास्त जागा देऊ नये.

मेसेजवर उभी असलेली कथा लिहिताना व्हॉट्सअ‍ॅप नेमके कसे चालते, हे बिनचूक ठाऊक हवे. आईने मेसेज वाचला की मुलाकडे दोन निळ्या खुणा दिसतात, दोघांपैकी कुणी ती सोय बंद केलेली नसेल तर. २०१४च्या अखेरीस आलेल्या या निळ्या खुणांमुळे ‘मी पाहिलंच नाही’ असे म्हणायची सोय गेली. आई टाइप करत असताना मुलाने व्हॉट्सअ‍ॅप उघडे ठेवलेले असेल तर त्याला ‘टायपिंग’ दिसते. ती थांबली की ते जाते. न पाठवता पुसलेल्या मजकुराचा मात्र मुलाच्या फोनवर कसलाही माग राहत नाही. पाठवून मग सर्वांसाठी डिलीट केलेला मेसेज वेगळा. त्याच्या जागी डिलीट केल्याची ओळ उरते आणि मुलाला कळते की काहीतरी होते. हे दोन प्रकार एकाच कथेत मिसळू नयेत. पाठवून डिलीट केलेला मेसेज म्हणजे निसटलेला शब्द, त्याची कथा निराळी. इथली कथा कुणालाही न दिसलेल्या शब्दांची आहे. त्यामुळे आईचे सगळे मसुदे आई आणि वाचक या दोघांपुरतेच राहतात, आणि वाचकाला मुलापेक्षा जास्त ठाऊक असणे हेच या कथेचे बळ आहे.

आणखी एक बारकावा. अर्धवट मजकूर तसाच ठेवून चॅटमधून बाहेर पडले तर तो पुसला जात नाही; मसुदा म्हणून तिथेच राहतो आणि पुन्हा उघडले की समोर येतो. म्हणून ‘तिने फोन बंद केला आणि मेसेज नाहीसा झाला’ असे लिहिणे चूक ठरते. पुसायचे तर बोटाने पुसावे लागते. मराठी कीबोर्डवर सहसा एकेक चिन्ह मागे जाते. ‘विकली’ पुसताना आधी वेलांटी जाते, ‘विकल’ उरते, मग ‘विक’, मग ‘वि’. एवढे जवळून दाखवण्याची संधी कथेत एकदाच घ्यावी आणि ती या शब्दासाठी राखून ठेवावी. प्रत्येक मसुदा अक्षर अक्षर पुसताना दाखवला तर वाचक कंटाळतो.

आता मसुदे. चार पुरतात. तीन कमी वाटतात, कारण तिसऱ्यालाच उत्तर येणार हे वाचक ताडतो; सहा-सात झाले की यादी होते. प्रत्येक मसुदा लिहिण्याआधी लेखकाने स्वतःपुरती दोन प्रश्नांची उत्तरे काढावीत: या मसुद्यात आई कशाच्या आड लपते आहे, आणि तिला तो स्वतःलाच का पटत नाही. दोन मसुद्यांचे आडोसे सारखे निघाले तर त्यातला एक काढून टाकावा.

शोभाताईंचा पहिला मसुदा असा:

“हो रे, बघते. बसमध्ये पाणी जवळ ठेव. रात्री गाडी थांबते तिथलं काही खाऊ नकोस, घरी आल्यावर खा.”

हा काळजीचा आडोसा. बहुतेक आयांचा पहिला हात इथेच जातो, म्हणून तो पहिला. यात ‘हो रे, बघते’ एवढेच खोटे आहे, बाकी सगळे खरे. शोभाताई आधी फक्त तेवढे तीन शब्द पुसतात. उरलेला मेसेज वाचून बघतात, तर तो मुलाच्या प्रश्नाचे उत्तरच राहत नाही. मग सगळा पुसतात. मसुदा का पुसला, हे लेखकाने निवेदनातून सांगायची गरज पडत नाही. पुसण्याचा क्रमच ते सांगतो. या कथेतली बरीचशी कारागिरी अशी पुसण्याच्या क्रमात असते.

दुसरा मसुदा:

“गाडी तशीही चालण्यासारखी राहिली नव्हती. खालचा पत्रा गंजला होता. गॅरेजवाला म्हणाला, पार्ट मिळत नाहीत आता.”

हा वस्तुस्थितीचा आडोसा. यातले एकेक वाक्य खरे असू शकते आणि तरीही मेसेज खोटा राहतो, कारण गाडी गंजली म्हणून विकलेली नाही. इथे भाषेचा एक तपशील उपयोगी पडतो. ‘राहिली नाही’ असे लिहायच्या जागी शोभाताईंच्या हातून ‘राहिली नव्हती’ असे जाते. गाडी घरात असती तर ‘नाही’ आले असते. त्या स्वतःच्याच वाक्यावर अडकतात, ‘नव्हती’चे ‘नाही’ करतात, आणि केल्यावर ते वाक्य दुप्पट खोटे झाल्याचे त्यांना दिसते. हा बदल कथेत दाखवावा, पण ‘तिच्या लक्षात आले की भूतकाळ तिला उघडे पाडत होता’ असे समजावून सांगू नये. मराठी वाचकाला ‘नाही’ आणि ‘नव्हती’ यांतला फरक कळतो.

दुसऱ्या आणि तिसऱ्या मसुद्यांच्या मध्ये मुलाकडून एक लहानसा धक्का यावा. अमोल कॉलवर असला तरी फोन समोर आहे. त्याला ‘टायपिंग’ दिसते, जाते, पुन्हा दिसते. तो लिहितो: “काय लिहितेयस एवढं? :)” ही ओळ थट्टेची असावी. मुलाने इथे चिंता दाखवली तर आईचे काम सोपे होते, कारण मग तोच विचारतो आणि तिला फक्त उत्तर द्यायचे राहते. थट्टेमुळे ती आणखी एकटी पडते आणि थोडी चिडतेही. मुलाचा असा हस्तक्षेप एकदाच असावा. दोनदा आला की कथा संवादाची होते आणि पुसण्यावरचे लक्ष उडते.

तिसरा मसुदा त्या चिडीतून येतो:

“गाडी माझ्या नावावर होती. मी विकली, मला अधिकार आहे. वर्षभरात तू किती वेळा आलास रे? एकदा. तेही श्राद्धाला.”

गाडी आईच्या नावावर ठेवण्याचा निर्णय इथे फळाला येतो. व्यवहारातली फट बुजवायला घातलेला तपशील आता तिच्या रागाचे हत्यार होतो. हा मसुदा चारही मसुद्यांत सगळ्यात धोक्याचा आहे, कारण तो पूर्णपणे खरा आहे. अमोल एकदाच आला, हे खोटे नाही. लेखकाला मोह होतो की हीच ती प्रामाणिक ओळ समजावी आणि कथा इथे संपवावी. तसे केल्यास कथा तक्रारीची होते, आणि वाचक आईची किंवा मुलाची बाजू घेऊन मोकळा होतो. मसुदा पुसण्याचे कारण असे असावे की यातले सगळे खरे असूनही गाडी विकण्याचे कारण हे नव्हते. अमोल चार वेळा आला असता तरी तिने ती विकलीच असती. हे कारण शोभाताईंच्या मनात विचार म्हणून लिहिण्यापेक्षा कृतीतून द्यावे. पाठवायच्या बाणावर अंगठा आहे आणि नजर दाराबाहेरच्या डागाकडे जाते. तो डाग त्यांनी सोड्याने, ब्रशने, रॉकेलने घासून पाहिला आहे. राग असता तर डाग घासायचे काही कारण नव्हते. वाचकाला एवढे पुरते.

चौथ्या मसुद्यात पद्धत बदलावी, म्हणजे कथेची चाल एकसुरी राहत नाही. शोभाताईंचे डोळे दमले आहेत. त्या माइकचे बटण दाबून बोलून टाइप करतात. साठीच्या पुढच्या अनेक मराठी बायका आज असेच लिहितात, त्यामुळे ते खरेही आहे. बोलून लिहिलेला मजकूर लांब होतो, त्यात विरामचिन्हे नसतात आणि काही शब्द चुकीचे उमटतात:

“अमोल बाळा मला माफ कर मी तुला विचारायला हवं होतं मला रात्र रात्र झोप नाही मी एकटी काय करणार रे मला कुणी नाही सकाळी दूध घ्यायला दार उघडलं की ती तिथे”

इथे त्या थांबतात. रिकाम्या घरात स्वतःचा आवाज ऐकू आलेला असतो. हा मसुदा रडण्याचा आडोसा आहे. यात माफी आहे, एकटेपणा आहे, तरीही हा प्रामाणिक नाही, कारण तो मिळताच अमोलला आईला समजवावे लागेल आणि गाडीचा विषय तिच्या अश्रूंखाली झाकला जाईल. लेखकांची सगळ्यात मोठी गफलत इथे होते. प्रामाणिकपणा म्हणजे भावनेचा पूर, असे समजून ते असाच मजकूर शेवटची ओळ म्हणून पाठवतात. पण या मसुद्यात एक गोष्ट अशी आली आहे जी आधीच्या तिन्हींत नव्हती: सकाळी दार उघडणे. वाक्य तिथेच तुटले, कारण पुढचे शब्द शोभाताईंना आजवर सापडलेले नव्हते. पाठवलेल्या ओळीचे बी असे शेवटच्या मसुद्यात, अर्धवट अवस्थेत पडलेले असावे. पहिल्या मसुद्यातच पडले तर वाचकाला शेवट आधी कळतो. कुठेच पडले नाही तर शेवट आकाशातून पडल्यासारखा वाटतो.

मग पाठवलेली ओळ:

“चेतक मी विकली रे, दारात दिसली की बाबा घरात आहेत असं वाटायचं.”

ही ओळ ठरवताना तिच्या जागी सुचणाऱ्या इतर ओळी कागदावर लिहून पाहाव्यात. ‘मला तुझी फार आठवण येते’, ‘मी एकटी पडलेय’, ‘बाबांशिवाय घर खायला उठतं’ या तिन्ही ओळी खऱ्या आहेत, पण त्या कुठल्याही आईच्या कुठल्याही कथेत बसतील. शेवटची ओळ दुसऱ्या कथेत नेऊन ठेवता येत असेल तर ती अजून सापडलेली नाही. चेतकची ओळ दुसरीकडे नेता येत नाही. तिच्यात दारही आहे आणि गाडीही.

दुसरी कसोटी मुलाच्या बाजूने लावावी. ओळ वाचल्यावर त्याला ‘का?’ असे विचारावेसे वाटत असेल तर ओळ अपुरी आहे. नुसते ‘चेतक मी विकली’ पाठवले असते तर लगेच ‘का?’ आले असते आणि आईला पुन्हा चार मसुदे लिहावे लागले असते. इथे पहिल्या भागात कृती आहे आणि दुसऱ्या भागात कारण. कृतीत ‘मी’ आहे, म्हणजे जबाबदारी घेतली आहे. माफी मागितलेली नाही, अधिकारही सांगितलेला नाही. विशेषण एकही नाही. ‘रे’ पहिल्या मसुद्यातून उरलेला आहे, त्यामुळे ओळ निवेदनाची न राहता आईच्या तोंडची राहते. सगळे मिळून बारा शब्द. हीच ओळ ‘मी बाबांची गाडी विकली कारण ती मला त्यांच्या अनुपस्थितीची सतत जाणीव करून देत होती’ अशी लिहिली तर अर्थ तोच राहतो आणि शोभाताई नाहीशा होतात. आईचे मेसेज लेखकाच्या मराठीत नसावेत, आईच्या मराठीत असावेत. ते मोठ्याने वाचून पाहावेत. ज्या शब्दावर जीभ अडखळते तो शब्द बहुधा लेखकाचा असतो.

आईच्या लिहिण्याची सवय सुरुवातीलाच ठरवून ती शेवटपर्यंत पाळावी. ती देवनागरीत लिहिते की रोमन अक्षरांत मराठी लिहिते, पूर्णविराम देते की नाही, इमोजी वापरते का, मुलाला नावाने लिहिते की ‘बाळा’ म्हणून. आयुष्यभर पोस्टकार्डे लिहिलेली बाई मेसेजलाही ‘चि. अमोल, अनेक आशीर्वाद’ अशी सुरुवात करू शकते. शोभाताईंच्या कथेत हा तपशील घालण्याचा मोह टाळलेला बरा, कारण मायना लिहिला की मेसेज पत्रासारखा होतो आणि रात्रीची घाई मंदावते. दुसऱ्या एखाद्या कथेत मात्र, जिथे आई बरेच दिवस अबोला धरून आहे, तिथे ‘चि.’ लिहायचे की नाही यावरच एक सबंध मसुदा उभा राहू शकतो.

मसुद्यांच्या मधली जागा कशाने भरावी, हा प्रश्न उरतो. नेहमी सुचणारे उत्तर म्हणजे भूतकाळात जाणे: वडील कसे होते, गाडी कधी घेतली, पहिल्यांदा महाबळेश्वरला कसे गेले. असा एकही सलग परिच्छेद या कथेत असू नये. जुने काही आलेच तर ते मसुद्यांतल्या शब्दांतून यावे किंवा हातातल्या कामातून यावे. शोभाताईंनी उद्याची मटकी भिजत घातली आहे, गणपतीचे मखर माळ्यावरून काढून पुसून ठेवले आहे, दाराची कडी दोनदा बघितली आहे. ही कामे नाट्याचे वजन उचलत नाहीत आणि म्हणूनच उपयोगी असतात; पुसणे आणि पुन्हा लिहिणे यांत तेवढाच श्वास मिळतो. दोन मसुद्यांमध्ये शंभर-सव्वाशे शब्दांपेक्षा जास्त अंतर पडू देऊ नये. पूर्ण कथा पंधराशे ते अठराशे शब्दांत बसावी. त्याहून लांबली तर कुठेतरी भूतकाळ शिरला आहे, असे समजून तो शोधावा.

शेवट कुठे करावा याबद्दल मतभेद होऊ शकतात. मुलाचे उत्तर दाखवावे का? भावूक उत्तर दाखवले तर आईच्या ओळीचे बक्षीस दिल्यासारखे होते. उत्तरच न दाखवता दोन निळ्या खुणांवर कथा सोडणे आता फार झाले आहे. मेसेजवरच्या कथांत तो ठरीव शेवट होऊन बसला आहे. या प्रसंगात मुलाचे एक साधे, व्यवहाराचे उत्तर चांगले बसेल: “मग गणपती चालतच आणू.” अमोलने समजून घेतले की नाही, तो दुखावला की नाही, हे त्यातून पुरते कळत नाही, पण तो येणार आहे हे कळते आणि दोघांसाठी पुढचे एक काम ठरते. उत्तरानंतर आईची प्रतिक्रिया लिहू नये. तिचे समाधान, तिचा सुस्कारा, तिची शांत झोप, यातले काहीही लिहिले की वाचकाचे काम लेखक करून टाकतो.

छापण्यासाठी कथा देताना पुसलेले मजकूर कसे दाखवायचे हेही ठरवावे लागते. अक्षरांवर रेघ मारून दाखवणे मराठीत वाचायला त्रासाचे होते. शिरोरेघ आणि मारलेली रेघ एकमेकींत मिसळतात. देवनागरीचा तिरका टाइपही डोळ्यांना सुखाचा नसतो. प्रत्येक मसुदा स्वतंत्र परिच्छेदात, डावीकडे थोडी जागा सोडून, अवतरणचिन्हांत द्यावा. तो पुसला गेला हे पुढच्या वाक्यातून कळू द्यावे. पाठवलेली ओळही त्याच पद्धतीने द्यावी. तिला ठळक टाइप दिला तर संपादक तो काढील, आणि त्याचे बरोबर असेल.

लिहून झाल्यावर एक तपासणी अवश्य करावी. कथेतले फक्त मेसेज, म्हणजे मुलाचे तीन, आईचे चार मसुदे आणि पाठवलेली ओळ, एका वेगळ्या कागदावर क्रमाने उतरवावेत आणि कथा ठाऊक नसलेल्या माणसाला वाचायला द्यावेत. तेवढ्यावरून गाडी का विकली हे त्याला कळले तर मधल्या गद्यात जिथे जिथे तेच समजावून सांगितले आहे ती वाक्ये काढून टाकावीत. कळले नाही तर गद्य वाढवू नये. चौथा मसुदा पुन्हा लिहावा.